तो विषय मी ऑफिसात बोलत नाही

१९८९ साली एलआयसीत असिस्टंट पदासाठी निवड झालेल्या नीरा माथुर यांच्यापुढे एक छापील फॉर्म आला. पाळी नियमित येते का, त्रास होतो का, शेवटची पाळी कधी आली, आजवर किती वेळा दिवस राहिले, गर्भपात झाला आहे का, असे त्यात रकाने होते. महामंडळाच्याच डॉक्टरने तपासून त्यांना कामासाठी योग्य ठरवलं. त्या रुजू झाल्या, काही महिन्यांनी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि १९९० मध्ये प्रोबेशन संपण्याआधीच त्यांना कामावरून कमी करण्यात आलं. पाळीची माहिती त्यांनी खोटी लिहिली, असं महामंडळाचं म्हणणं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९१ च्या निकालात न्यायालयाने त्यांना कामावर परत घ्यायला लावलं आणि हे रकाने फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं. असली माहिती द्यायला बाईला संकोच वाटेल, तिच्या स्वाभिमानालाही ते रुचणार नाही, हे न्यायालयाने मान्य केलं.

त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी मुंबईतल्या एका औषध कंपनीत असा नियम होता की पॅकिंग खात्यातल्या अविवाहित मुलीने लग्न केलं की तिची नोकरी संपली. लग्न झालेल्या बायका जास्त खाडे करतात आणि इथलं काम टोळीने चालतं, अशी कंपनीची बाजू होती. बॉम्बे लेबर युनियनने हा नियम न्यायालयात नेला आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला.

या दोन गोष्टी आधी सांगितल्या, कारण ‘अहो, सहज विचारलं’ हे वाक्य आपण फार लवकर मान्य करतो. कामाच्या ठिकाणी लग्नाचं, मुलांचं, पगाराचं किंवा जातीचं उत्तर सहज राहत नाही. ते कुणाच्या तरी हातात पडतं आणि वापरलं जातं. फॉर्मवरचा रकाना निदान न्यायाधीशांना दाखवता येतो. डब्याच्या टेबलावर ‘पेढे कधी?’ असं विचारलं गेलं तर त्याची नोंद कुठेच होत नाही. सहा महिन्यांनी नागपूरच्या प्रोजेक्टवर कुणाला पाठवायचं याची चर्चा निघते तेव्हा मात्र साहेबांना कुणीतरी सांगतं, ‘तिचं नको, तिची ट्रीटमेंट चालू आहे.’ आणि हे सांगणाऱ्याला आपण तिचं भलंच केलं असं मनापासून वाटत असतं.

यात खरी अडचण अशी की विचारणारी माणसं बहुतेक वेळा वाईट नसतात. आपल्या ऑफिसांत एकमेकांच्या डब्यात हात घातला जातो, कुणाचा मुलगा दहावीला आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि घरी कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात पहिली येणारी बाई बहुधा तीच असते जी रोज नको ते विचारते. तिला तोडून बोललं तर आपलंही काहीतरी तुटतं. म्हणून प्रश्न थांबवायचा आणि माणूस ठेवायचा, अशी ही कसरत आहे. ती जमते, पण त्यासाठी एक सवय मोडावी लागते. ती सवय म्हणजे नकाराबरोबर कारण देण्याची.

एक प्रसंग धरून चालू. तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेची शाखा आहे. कर्ज विभागात एकतीस वर्षांची एक मुलगी काम करते. लग्नाला चार वर्षं झाली आहेत, मूल नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार चालू आहेत आणि हे फक्त घरात माहीत आहे. दुपारी डबे उघडले की समोरच्या ज्येष्ठ मॅडम, स्वभावाने प्रेमळ आणि आवाजाने मोठ्या, विचारतात:

‘काय गं, चार वर्षं झाली की आता. पेढे कधी?’

‘अजून ठरवलं नाही हो मॅडम. घराचं कर्ज आहे ना.’

‘कर्ज काय, फिटतं गं. वय थांबतं का? डॉक्टरला तरी दाखवलंस का?’

‘हो… म्हणजे चालू आहे.’

‘कोणाकडे? माझ्या भाचीला कोल्हापूरला ज्यांनी…’

एवढ्या संवादात तिने पाच गोष्टींपैकी चार सांगून टाकल्या. तिची चूक काय झाली ते पाहा. पहिल्याच उत्तरात तिने कारण दिलं. कारण दिलं की समोरच्याला वाटतं, आपल्याला चर्चेला बोलावलंय. मग तो ते कारण खोडून काढतो. ‘कर्ज आहे’ म्हटलं की ‘फिटतं’, ‘करिअर आहे’ म्हटलं की ‘नंतर पस्तावशील’, ‘सासूबाई आजारी आहेत’ म्हटलं की ‘नातवंड आलं की बऱ्या होतील’. कारण जितकं खरं, तितकं ते खोडून काढलेलं लागतं. शेवटी कोपऱ्यात सापडल्यावर जे सांगायचं नव्हतं तेच तोंडून निघतं.

आता तेच दुसऱ्या पद्धतीने. पहिल्यांदा विचारलं तेव्हा:

‘तो विषय राहू द्या हो मॅडम. आज तुमच्याकडे शेवग्याची आमटी दिसतेय, इकडे द्या थोडी.’

बहुतेकांना एवढं पुरतं. ज्यांना नाही पुरत, ते आठवड्याभरात पुन्हा विचारतात. दुसऱ्यांदा:

‘मॅडम, तुम्ही आपुलकीने विचारता ते कळतं मला. पण हा विषय मी ऑफिसात बोलत नाही.’

यात कारण नाही, तक्रार नाही, ‘असं विचारू नये’ असा उपदेशही नाही. वाक्य स्वतःबद्दल आहे: मी बोलत नाही. उपदेश केला की मॅडमना इतरांसमोर स्वतःचा बचाव करावा लागतो आणि मग मुद्दा मुलाचा राहत नाही, मानाचा होतो. तिसऱ्यांदा प्रश्न आलाच तर नवं वाक्य शोधायचं नाही. तेच वाक्य, त्याच आवाजात, आणि डबा धुवायला उठायचं. दर वेळी शब्द बदलले तर ऐकणाऱ्याला वाटतं, अजून थोडं ढकललं तर दार उघडेल. एकच वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं की कळतं, इथे भिंत आहे.

‘एवढं काय झालं गं? सहज विचारलं,’ असा रुसवा येणारच. त्याला ‘झालं काहीच नाही मॅडम, फक्त त्यावर बोलत नाही’ एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘काय मॅडम, काल बस मिळाली का?’ असं आपणच आधी विचारायचं. हा भाग लोक विसरतात. नकार उद्धट वाटतो तो बहुधा त्यानंतरच्या अबोल्यामुळे. विषय बंद केला आहे, माणूस नाही, हे दुसऱ्या सकाळच्या चार शब्दांतून पोहोचतं.

मॅडम फारच चिकाटीच्या असतील तर एकदा एकट्याने गाठावं. रेकॉर्ड रूमपाशी किंवा बसस्टॉपवर. ‘मॅडम, दोन मिनिटं. सगळ्यांसमोर तो विषय निघाला की मला त्रास होतो. एवढं सांभाळा माझ्यासाठी.’ चारचौघांत ज्येष्ठ बाईला थांबवलं तर तिचा मान जातो. एकट्याने विनंती केली तर तिला एक जबाबदारी मिळते. अशी बाई पुढच्या वेळी दुसऱ्याने विषय काढला तर स्वतःच त्याला गप्प करते, हे अनेक ऑफिसांत घडतं.

विनोदाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पहिल्यांदा तो चालतो, दुसऱ्यांदा त्याची सवय होते आणि मग रोज दुपारी सगळे तुमच्या विनोदाची वाट पाहत तोच प्रश्न विचारतात. छत्तिशीच्या एखाद्या अविवाहित मुलाने ‘लग्न कधी?’ला हसत ‘तुम्हीच बघा ना एखादं स्थळ’ असं म्हणावं, आणि सोमवारी सकाळी त्याच्या टेबलावर बायोडाटा असावा, फोटोसकट, मंगळ आहे-नाही या उल्लेखासह. आता मुलगी न पाहताच नाही म्हणायचं म्हणजे आणणाऱ्याचा अपमान. प्रतिहल्ला तर त्याहून महाग. ‘तुमच्या मुलाचं काय झालं, परत राहिला ना बारावीला?’ असं बोलून क्षणभर बरं वाटतं, पण पुढचे कित्येक महिने तुमची प्रत्येक फाईल त्या टेबलावरून उशिराने सरकते.

आपलं उत्तर लागू पडलं की नाही हे कसं कळतं? प्रश्न तुम्हाला विचारायचे थांबतात आणि तुमच्या मैत्रिणीला विचारले जाऊ लागतात. वाईट वाटतं, पण ही अर्धी जीत आहे. मैत्रिणीला आधीच सांगून ठेवायचं: कुणी विचारलं तर ‘मला माहीत नाही’ म्हणू नकोस, ‘तिलाच विचारा’ म्हण. ‘माहीत नाही’मध्ये काहीतरी लपवल्याचा वास येतो. ‘तिलाच विचारा’ म्हटलं की प्रश्न जिथे बंद झाला होता तिथेच परत जातो.

प्रश्न वरून आला तर पद्धत थोडी बदलावी लागते. मुलाखतीत किंवा बढतीच्या वेळी साहेब विचारतात, ‘लग्नाचा काय विचार?’ किंवा ‘घरी लहान मूल आहे, जमेल का?’ इथे ‘मी बोलत नाही’ म्हटलं तर नुकसान आपलं. पण या प्रश्नाखाली कामाची एक काळजी असते, खरी किंवा खोटी: ही मुलगी उशिरापर्यंत थांबेल का, फिरती करेल का, वर्षभरात सोडून जाईल का. उत्तर त्या काळजीला द्यायचं. ‘महिन्यातून आठ दिवस फिरती आहे असं तुम्ही सांगितलंत. ती मला जमणार आहे. आधीच्या नोकरीतही होती.’ लग्नाचा शब्दही काढायचा नाही. साहेबांनी पुन्हा लग्नावर आणलं तर ‘घरचं मी बघून घेईन सर, कामाचं काही विचारायचं असेल तर विचारा’ इतपत. अशा ठिकाणी नोकरी करायची की नाही, हेही त्या पाच मिनिटांत बरंचसं कळून जातं.

पगाराचा प्रश्न मला या बाकीच्यांइतका घातक वाटत नाही. सरकारी नोकरीत तर तो प्रश्नच नाही. वेतनश्रेणी आणि स्तर सगळ्यांना पाठ असतात, आणि अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन कार्यालयाने स्वतःहून जाहीर करावं असं माहिती अधिकार कायदाच सांगतो. तिथे कुतूहल असतं ते ‘वरच्या’ कमाईचं, आणि ते कुणी तोंडावर विचारत नाही. खाजगी कंपनीत मात्र ‘हातात किती पडतात?’ याला दोन बाजू आहेत. एकाच कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन, हा कायदा १९७६ मध्ये आला. पण शेजारच्या टेबलावरच्या मुलाला किती मिळतात हे कळलंच नाही तर तो हक्क वापरायचा कसा? पगारवाढीची बोलणी करायची तर बरोबरीच्यांचे आकडे लागतातच. म्हणून मी एक सोपी कसोटी लावते: विचारणारा आपला आकडा आधी सांगतो का? ‘तुझं आधी सांग, मग माझं’ म्हटल्यावर जो खरंच सांगतो, त्याच्याशी विश्वासात बोलायला हरकत नाही. जो हसून विषय बदलतो, त्याला मोजमाप हवं होतं. बाकीच्यांना ‘आहे तेवढ्यात भागतं’ हे घरोघरी चालणारं उत्तर पुरे. नेमणूकपत्रात पगाराच्या गोपनीयतेचं कलम असेल तर तेच कारण म्हणून सांगावं. इथे कारण दिलेलं चालतं, कारण ते आपलं नसून कंपनीचं असतं आणि त्यावर वाद घालून काही मिळत नाही.

जातीचा प्रश्न या सगळ्यांहून वेगळा आहे, आणि तो कधीच ‘जात कोणती?’ असा येत नाही. तो ‘पूर्ण नाव काय?’ असा येतो. मग ‘मूळ गाव कुठलं?’ पवार, जाधव, गायकवाड, शिंदे, मोरे ही आडनावं महाराष्ट्रात अनेक समाजांत आहेत, त्यामुळे आडनावावर भागत नाही. मग ‘कुठले पवार?’, ‘कुलदैवत कोणतं?’, ‘श्रावण पाळता का?’, ‘तुमच्यात लग्नात हे असतं का?’ सरकारी कार्यालयात जरा धीट माणूस असेल तर ‘कुठल्या कॅटेगरीतून लागलात?’ प्रत्येक प्रश्न वेगळा घेतला तर निरुपद्रवी. ओळीने आले की ते कुठे चाललेत हे दोघांनाही कळत असतं.

डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ चा एक प्रसंग लिहिला आहे. ते आणि घरातली इतर मुलं कोरेगावला वडिलांकडे जायला निघाली होती. मसूर स्टेशनवर घ्यायला कुणी आलं नाही. मुलांचे कपडे चांगले, वागणं व्यवस्थित. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली आणि ओघात विचारलं, तुम्ही कोण? लहान भीमरावांनी क्षणाचाही विचार न करता जात सांगितली. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो मागे सरला. पुढे दुप्पट भाडं देऊनही गाडी हाकायला बैलगाडीवाला तयार होईना. मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि त्याने पायी चालायचं, अशा बोलीवर गाडी मिळाली.

आज ऑफिसात कुणी असं मागे सरत नाही. पण मधल्या एका क्षणात काहीतरी बदलतं, पुढच्या आठवड्यापासून डब्यातली भाजी इकडून तिकडे येत नाही, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. म्हणून इथे विषय बदलून चालत नाही. आडून विचारणाऱ्याला शब्द न उच्चारता उत्तर हवं असतं, तेव्हा शब्द आपणच उच्चारावा.

‘तुम्ही कुठले?’ ‘साताऱ्याचा.’

‘नाही, म्हणजे मूळचे?’ ‘मूळचाही साताऱ्याचाच.’

‘नाही, म्हणजे तुमच्यात…’ ‘जात विचारताय का? ते मी ऑफिसात सांगत नाही, विचारतही नाही.’

शांतपणे, चेहऱ्यावर राग न आणता. आपण जात विचारत होतो हे चारचौघांत कबूल करायची बहुतेकांची तयारी नसते. ‘छे छे, तसं नाही हो’ म्हणत ते स्वतःच बाजूला होतात. ‘कॅटेगरी’ विचारणाऱ्याला ‘परीक्षा देऊन लागलो’ एवढं सांगावं. त्यावरही तो थांबला नाही तर ‘बिंदुनामावली आस्थापना शाखेत आहे, त्यांना ठाऊक आहे तेवढं पुरे’ हे उत्तर कार्यालयीन भाषेतच असल्याने उद्धट ठरत नाही. उलट दिशेचा प्रश्नही असतो, ‘तुम्ही आमच्यातलेच ना?’ तो गोड वाटतो, पण त्यामागून बहुधा एखादं काम येतं. ‘असेन किंवा नसेन, तुमची फाईल नियमानेच जाईल’ हे सुरुवातीलाच हसून सांगून टाकलेलं बरं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. ‘मी जात सांगत नाही’ हे वाक्य वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या माणसाला फुकट मिळतं, त्याला उदारमतवादी समजलं जातं. दलित सहकारी तेच म्हणाला तर न सांगणं हेच उत्तर धरलं जातं. म्हणून काही जण सरळ, मान वर करून सांगतात आणि पुढे विचारण्यासारखं काही ठेवत नाहीत. कुणी काय निवडावं हे त्याने ठरवावं. पण टेबलावर बसलेल्या इतरांना एक काम करता येतं, आणि ते त्यांनीच करायला हवं. ‘कुठले पवार?’ ऐकू आलं की तिसऱ्या कुणीतरी, ज्याच्यावर हा प्रश्न कधीच येत नाही अशाने, ‘कशाला हवंय ते? जेवा ना’ म्हणावं. या प्रश्नाला सर्वांत परिणामकारक उत्तर ज्याला विचारलं त्याचं नसतं, शेजारच्याचं असतं.

कायद्याकडे कधी जायचं, हेही नीट माहीत असावं. नुसतं ‘पेढे कधी?’ किंवा नुसतं जात विचारणं हा गुन्हा नाही. पण अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा चारचौघांत जातीवरून हेतुपुरस्सर अपमान केला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा होतो. मुलाबाळांच्या चौकशीवरून बोलणं बाईच्या शरीरावर, नवऱ्याबरोबरच्या संबंधांवर घसरलं, तर ते २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखाली येतं. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी त्यासाठी अंतर्गत समिती असायलाच हवी. अशा वेळी तारीख, शब्द आणि कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. आधी स्पष्ट नकार दिला असेल तर तोही लिहावा. समितीकडे तक्रार लेखी करायची असते आणि ती घटनेपासून, किंवा प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.